दिसलं ते शेवटी पाहा

मारेगाव, झरी, वणी या भागात छातीच्या फोटोचा पहिला अर्थ क्षय असाच धरला जातो. त्यात चूक काही नाही, इथे क्षय आहेच. पण यामुळे आपल्या मुलांना एक सवय लागते. फोटो व्ह्यू बॉक्सवर लागला की चार सेकंदांत कुणीतरी बोट ठेवतं, "सर, उजवीकडे वर शॅडो आहे." शॅडो बहुतेक वेळा खरीच असते. अडचण त्यानंतर सुरू होते, कारण बोट टेकलं की डोळे शोधणं सोडून देतात आणि उरलेला फोटो कुणीच पाहत नाही.

हे टिपण त्या उरलेल्या फोटोसाठी आहे. पुस्तकात यादी असते, ती पाठही होते. पण यादीतली कुठली पायरी कशासाठी आहे ते कळलं नाही, तर रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत ती आठवत नाही. म्हणून सगळी यादी न देता ज्या पायऱ्यांनी माझ्या रुग्णांच्या बाबतीत खरा फरक पडला, तेवढ्याच लिहितो.

१. नाव, तारीख, बाजू

फोटोवरचं नाव आणि समोरच्या माणसाचं नाव मोठ्याने वाचून जुळवा. आपल्याकडे एकाच गावात एकाच नावाची आणि आडनावाची दोन माणसं सहज निघतात, म्हणून वयही जुळवा. मग डावी-उजवीची खूण शोधा. हृदय डावीकडे दिसतं म्हणून ती डावी बाजू असं कधीही ठरवू नका. हृदय जन्मतः उजवीकडे असलेला माणूस कधीतरी येतोच, आणि त्या दिवशी फिल्म उलटी लावून सगळे "नॉर्मल" म्हणतात. खूण, हृदयाचं टोक आणि जठरातल्या हवेचा बुडबुडा या तिन्ही गोष्टी एकमेकींशी जुळतात का ते पाहायचं. याला दहा सेकंद लागतात.

२. फोटो कसा काढला ते आधी, रोग नंतर

उभ्या माणसाचा, छाती फिल्मला टेकवून, मागून किरण सोडून सहा फुटांवरून काढलेला तो पीए फोटो. खाटेवर पडलेल्या माणसाचा पोर्टेबलने समोरून काढलेला तो एपी. एपीमध्ये हृदय फिल्मपासून लांब आणि नळी जवळ, त्यामुळे सावली मोठी पडते. छातीच्या रुंदीच्या निम्म्याहून हृदय मोठं असेल तर ते वाढलेलं, हा नियम मोठ्या माणसाच्या, नीट श्वास घेतलेल्या पीए फोटोलाच लागू आहे. एपीवर "कार्डिओमेगाली" लिहून रुग्णाला इकोसाठी दूर पाठवलेलं मी पाहिलं आहे. त्या माणसाचं हृदय व्यवस्थित होतं, फक्त एक दिवसाची मजुरी बुडाली. फोटोवर काही लिहिलेलं नसेल तर खांद्याची पाती पाहा. पीएमध्ये खांदे पुढे घेतल्याने ती फुफ्फुसांवरून बाजूला सरकतात, एपीमध्ये बहुधा फुफ्फुसांवरच पडलेली असतात.

श्वास पुरेसा घेतला आहे का, हे फासळ्या मोजून कळतं. डायफ्रॅमच्या वर पुढच्या सहा किंवा मागच्या नऊ-दहा फासळ्या दिसायला हव्यात. मागच्या फासळ्या जवळपास आडव्या असतात, पुढच्या तिरक्या खाली उतरतात. अर्ध्या श्वासावर काढलेल्या फोटोत खालच्या भागातल्या रक्तवाहिन्या एकमेकींवर दाटतात आणि तिथे न्यूमोनिया असल्यासारखं वाटतं. फोटो काढताना "श्वास रोखा" एवढंच सांगितलं की माणूस आहे तिथेच थांबतो. "छाती फुगवून श्वास भरा, आता धरून ठेवा" असं सांगावं लागतं, आणि रुग्ण कोलामी किंवा गोंडी बोलणारा असेल तर सोबतच्या नातेवाइकामार्फत ते त्याला नीट समजावून द्यावं लागतं.

माणूस तिरका उभा नव्हता ना, यासाठी दोन्ही गळपट्टीच्या हाडांची आतली टोकं मणक्याच्या मधल्या काट्यापासून सारख्या अंतरावर आहेत का ते पाहा. तिरक्या फोटोत एक फुफ्फुस उगाच काळं दिसतं, एक हायलम उगाच मोठं दिसतं आणि श्वासनलिका सरकल्याचा भास होतो. किरण पुरेसे पोचले का, याची खूण म्हणजे हृदयाच्या सावलीतून मणके अंधुक दिसणं. ते दिसत नसतील तर हृदयामागे काय आहे हे तो फोटो सांगूच शकत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिची गरज पडणार आहे.

आणि वेणी. बायकांचा फोटो काढताना वेणी खांद्यावरून पुढे राहिली तर ती फुफ्फुसाच्या टोकावर नेमकी क्षयासारखी सावली टाकते. नीट पाहिलं तर त्या सावलीत केसांच्या बारीक समांतर रेषा दिसतात, आणि ती फुफ्फुसाची हद्द ओलांडून मानेत वर गेलेली असते. गळ्यातला ताईत, दोऱ्यातली गाठ, पोलक्याचं बटण यांचंही तसंच. शंका आली तर केस वर बांधून फोटो पुन्हा काढा. एका चुकीच्या सावलीवर सहा महिन्यांची औषधं सुरू होण्यापेक्षा दुसरा फोटो फार स्वस्त पडतो.

३. जे ठळक दिसतं ते शेवटी

या टिपणात मला मुख्यतः हेच सांगायचं आहे. पहिल्या नजरेत जे दिसलं ते मनात नोंदवा, आणि त्याला हात न लावता ठरलेल्या क्रमाने सगळा फोटो फिरून या. त्याच्याकडे परत यायचं ते सर्वांत शेवटी.

क्रम कुठला, यावर मी वाद घालत नाही. माझा असा आहे: श्वासनलिका, मग मधला भाग आणि हृदयाच्या दोन्ही कडा, दोन्ही हायलम, डायफ्रॅमचे दोन घुमट आणि कोपरे, मग हाडं आणि मांसल भाग, आणि त्यानंतर फुफ्फुसं. ती वरून खाली नुसती पाहायची नाहीत. उजवा वरचा तिसरा भाग डाव्या वरच्याशी, मधला मधल्याशी, खालचा खालच्याशी असा जुळवत उतरायचं. बहुतेक जण फुफ्फुसं आधी पाहतात. मी ती मुद्दाम मागे ठेवतो, कारण फुफ्फुसांत काही सापडलं की बाकीचं पाहायचं राहून जातं.

अनुभव वाढला की क्रमाची गरज संपते, असं समजू नका. १९४० च्या दशकात अमेरिकेत क्षयाच्या सामूहिक तपासण्या सुरू झाल्या, तेव्हा जेकब येरुशाल्मी, हेन्री गार्लंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुरलेल्या वाचकांनाच परीक्षेला बसवलं. रोगाची खूण असलेल्या फोटोंपैकी साधारण तिसरा हिस्सा एकेका वाचकाच्या नजरेतून सुटत होता. तेच फोटो त्याच वाचकाला पुन्हा दाखवले तर साधारण पाचातल्या एकावर तो स्वतःचंच मत बदलत होता. ही वर्षानुवर्षं फक्त फोटो वाचणारी माणसं होती.

४. हायलमची उंची

हायलम म्हणजे फुफ्फुसाचं दार, जिथून रक्तवाहिन्या आणि श्वासनलिकेच्या शाखा आत शिरतात. नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांत डावं हायलम उजव्यापेक्षा थोडं वर असतं, एक ते दोन सेंटिमीटर. काहींत दोन्ही सारख्या उंचीवर असतात. उजवं डाव्यापेक्षा वर असणं मात्र जवळजवळ कधीच नॉर्मल नसतं. एक तर उजवं कुणीतरी वर ओढलं आहे, नाहीतर डावं खाली ओढलं आहे.

फुफ्फुसाचा एखादा भाग आकसला की तो शेजाऱ्यांना आपल्याकडे ओढतो. जुन्या क्षयाच्या व्रणाने वरचा भाग आकसला तर हायलम वर जातं आणि श्वासनलिका त्या बाजूला झुकते. म्हणून हायलमची उंची बघायला शिकलेला विद्यार्थी फुफ्फुसाकडे न पाहताच सांगू शकतो की कुठेतरी काहीतरी आकसलं आहे. पुढचा रुग्ण याच पायरीवर सापडला.

५. हृदयाच्या मागे

मारेगाव तालुक्यातला, शेतमजुरी करणारा, पन्नाशीच्या आसपासचा माणूस. महिनाभर खोकला, संध्याकाळी ताप, भूक गेलेली, अधूनमधून बेडक्यात रक्ताची तार. पुष्कळ वर्षं बिडी. फोटोत उजवीकडे वर, गळपट्टीच्या हाडामागे ठिपकेदार पांढरेपणा आणि त्यात जाड भिंतीची एक पोकळी. दारातून पाहिलं तरी कळावं असं चित्र. इंटर्न म्हणाला, "क्षय आहे, बेडका सीबीनॅटला पाठवू." बरोबरच होतं. मी म्हटलं, "ते शेवटी. आधी फिरून ये."

नाव, बाजू, पीए, सहा फासळ्या, हाडांची टोकं सारखी, मणके हृदयातून दिसतात. सगळं ठीक. श्वासनलिका किंचित उजवीकडे झुकलेली. उजव्या वरच्या भागाच्या व्रणाने ते होऊ शकतं. हायलमपाशी तो थांबला. उजवं वर गेलेलं होतं, ते अपेक्षितच. पण डावं जिथे असायला हवं तिथे नव्हतं. ते खाली उतरलेलं आणि बारीक झालेलं होतं. उजव्या बाजूचा क्षय डावं हायलम खाली ओढू शकत नाही.

मग डायफ्रॅम. डाव्या घुमटाची रेषा बाहेरून आत येते आणि चांगल्या फोटोत हृदयाच्या सावलीतूनही मणक्यापर्यंत दिसत राहते. इथे ती हृदयाखाली शिरली आणि नाहीशी झाली. उतरत्या महाधमनीची डावी कडाही हृदयामागे पुसलेली. आता मुद्दाम हृदयाच्या सावलीच्या आत पाहिल्यावर दिसलं की तिथे हृदयाच्या कडेशिवाय आणखी एक सरळ, तिरकी कड आहे आणि तिच्या आतला त्रिकोण जास्त पांढरा आहे. डाव्या फुफ्फुसाचा खालचा भाग हवा गमावून आकसून मणक्याला चिकटला होता. डावं फुफ्फुस उजव्या खालच्या भागापेक्षा थोडं काळं वाटत होतं, कारण उरलेला वरचा भाग रिकामी जागा भरायला फुगला होता.

कडा का पुसतात, ते समजून घ्या. हवा आणि मांस शेजारी असतील तरच फोटोत कड उमटते. हवा गेली की दोन सारख्या पांढऱ्या गोष्टी एकमेकींना टेकतात आणि मधली रेषा जाते. बेंजामिन फेल्सन यांनी १९५० मध्ये याला सिल्हूट साइन असं नाव दिलं. उजवी हृदयाची कड पुसली तर मधला लोब, डावी पुसली तर लिंग्युला, डायफ्रॅम पुसला तर खालचा लोब. पाठ करायचं असेल तर एवढं करा.

बेडक्यात क्षयाचे जंतू निघाले, रिफॅम्पिसिनला प्रतिसाद देणारे. औषधं सुरू झाली. पण डाव्या खालच्या भागाचं उत्तर क्षयातून मिळत नव्हतं. त्या वयात, बिडी पिणाऱ्या माणसात एक आख्खा लोब आकसला तर नळी कशाने बंद झाली याचा शोध घ्यावाच लागतो. कारण चिकट कफ असू शकतो, नळीतला क्षय असू शकतो किंवा गाठ असू शकते. सीटी आणि मग ब्रॉन्कोस्कोपी झाली. डाव्या खालच्या शाखेच्या तोंडाशी गाठ होती, आणि तुकडा तपासल्यावर ती कर्करोगाची निघाली. दोन आजार एकाच छातीत होते. नुसता क्षय म्हणून औषधं दिली असती तर खोकला थोडा कमी झाला असता, वजनही थोडं वाढलं असतं, आणि सहा महिने गाठीला मिळाले असते.

६. आणखी तीन दडलेल्या जागा

हृदयामागचा भाग ही दडण्याची पहिली जागा. दुसरी म्हणजे फुफ्फुसाची टोकं. तिथे गळपट्टीचं हाड आणि पहिली फासळी एकमेकांवर पडतात आणि लहान व्रण किंवा न्यूमोथोरॅक्सची बारीक रेषा त्यात हरवते. दोन्ही टोकं एकमेकांशी ताडून पाहायची. तिसरी जागा डायफ्रॅमच्या घुमटाखाली. फुफ्फुस घुमटामागे बरंच खाली उतरतं, म्हणून यकृताच्या सावलीतही गाठ दिसू शकते. उभ्या फोटोत उजव्या घुमटाखाली हवेची पातळ काळी कोर दिसली तर जठर किंवा आतडं फुटलेलं असण्याची शक्यता धरा आणि सर्जनला बोलवा. मात्र रुग्णाला त्याआधी पाच-दहा मिनिटं उभं किंवा बसतं ठेवलेलं हवं, तरच हवा वर चढते. कोपऱ्यांबद्दल एकच: उभ्या पीए फोटोत कोपरा बोथट व्हायला साधारण दोनशे ते तीनशे मिलीलिटर पाणी लागतं. कोपरा टोकदार आहे म्हणून पाणी नाही असं लिहू नका, सोनोग्राफी त्याहून कितीतरी कमी पाणी दाखवते.

चौथी जागा हाडं. विदर्भात तिचं महत्त्व वेगळं आहे, कारण आपल्याकडे सिकलसेल आहे. ताप, छातीत दुखणं आणि धाप घेऊन आलेल्या तरुण मुलीच्या फोटोत खालच्या भागात नवी सावली दिसली की न्यूमोनिया लिहिला जातो. त्याच फोटोत खांद्याच्या सांध्याचं गोल टोक चपटं किंवा ठिगळासारखं पांढरं असेल, मणक्यांच्या वरच्या-खालच्या पृष्ठांना मध्येच खोलगट खाच असेल आणि हृदय वाढलेलं असेल, तर तपासणीचा अहवाल हातात नसतानाही सिकलसेलचा विचार करा. मग ती सावली साधा न्यूमोनिया न राहता अ‍ॅक्यूट चेस्ट सिंड्रोम ठरू शकते, आणि तिला ऑक्सिजन, वेदनाशामक, अँटिबायोटिक आणि गरज पडल्यास रक्त लागतं. यात फोटो बऱ्याचदा रुग्णाच्या मागे राहतो. ऑक्सिजन घसरत असेल आणि फोटो स्वच्छ असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा काढा, पण उपचार त्यासाठी थांबवू नका.

७. नळी असेल तर आधी नळी

२०१७ च्या फवारणीच्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीवर औषध मारताना शेकडो शेतकरी आणि मजूर विषबाधेने आजारी पडले, वीसहून अधिक दगावले. हा धोका दर खरिपात असतो. ऑर्गॅनोफॉस्फेटच्या विषबाधेत श्वासाचे स्नायू दुबळे पडतात, नळ्यांत स्राव साचतो आणि रुग्णाला व्हेंटिलेटरवर घ्यावं लागतं. अशा रुग्णाचा पोर्टेबल फोटो आला की नाव आणि बाजूनंतर थेट नळीचं टोक शोधा. माझ्या क्रमाला हा एकच अपवाद आहे.

मान सरळ असताना टोक श्वासनलिकेच्या दुभाजकाच्या सुमारे पाच सेंटिमीटर वर हवं. हनुवटी खाली केली की टोक साधारण दोन सेंटिमीटर आत जातं, वर केली की तितकंच बाहेर येतं, म्हणून मान कशी होती तेही पाहा. उजवी शाखा जास्त रुंद आणि सरळ असल्याने खोल गेलेली नळी बहुधा उजवीकडेच शिरते. मग डाव्या बाजूला हवा पोचत नाही आणि डावं फुफ्फुस पांढरं होतं. इथे घाईने पाणी साचलं असं समजून सुई घालायची नसते. हृदय आणि श्वासनलिका पांढऱ्या बाजूकडे ओढली गेली असतील तर फुफ्फुस आकसलं आहे. भरपूर पाणी असतं तर ती विरुद्ध बाजूला ढकलली गेली असती. पहिल्यात नळी थोडी मागे घेऊन पुन्हा फोटो काढायचा, आणि फुफ्फुस बहुधा उघडलेलं दिसतं. झोपलेल्या माणसाच्या फोटोत न्यूमोथोरॅक्सची हवा टोकाशी न दिसता पुढे आणि खाली जमते. कोपरा नेहमीपेक्षा खोल आणि काळा दिसला तर ती शंका घ्या. रक्तदाब कोसळत असेल, श्वासनलिका सरकली असेल आणि एका बाजूला हवा ऐकू येत नसेल तर मात्र फोटोची वाट पाहू नका.

८. जुना फोटो मागा, आणि लिहिताना जपा

नातेवाइकाला विचारा, "आधी कधी फोटो काढला होता का?" बऱ्याच घरांत तो प्लॅस्टिकच्या पिशवीत, ट्रंकेत ठेवलेला असतो. क्षय बरा झाल्यावरही व्रण राहतात, आणि एकच फोटो पाहून क्षय आत्ता सक्रिय आहे की जुना, हे सांगता येत नाही. दोन वर्षांपूर्वीच्या फोटोत तीच रेषा तशीच असेल तर रुग्ण अनावश्यक औषधांतून वाचतो. त्या दोन फोटोंच्या मध्ये सावली वाढली असेल तर कुणी कितीही "जुनं आहे" म्हटलं तरी तपास करा.

अहवालात आधी काय दिसतं ते लिहा, मग त्याचा अर्थ. "उजव्या वरच्या भागात पोकळीसह पांढरेपणा, डावा खालचा लोब आकसलेला" हे निरीक्षण झालं. "क्षय असण्याची शक्यता, डावीकडच्या कारणाचा शोध घ्यावा" हे मत. दोन्ही एका वाक्यात मिसळली की पुढचा डॉक्टर तुमचं मत हेच निरीक्षण समजतो आणि फोटो उघडूनही पाहत नाही.

फोटो नॉर्मल आहे म्हणून क्षय नाही, असंही नसतं. एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती फार खाली गेलेल्या रुग्णांत बेडक्यात जंतू असूनही फोटो स्वच्छ असू शकतो, किंवा सावली वर न दिसता खालच्या भागात दिसते. म्हणून खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला असेल, तर फोटोत काही दिसो वा न दिसो, बेडका तपासायला पाठवा.